गुडघे

मालिकेत ती चार वर्षं पहिलीतच होती. खऱ्या शाळेत मात्र पाचवीत पोचली. तिची उंची दिसू नये म्हणून मालिकेतली आई खोक्यावर उभी राहायची आणि दिग्दर्शक “गुडघे!” म्हणाला की ही गुडघे वाकवायची.

शेवटी कथेनं पंधरा वर्षांची उडी मारली. आईच्या कानाशी एक पांढरी बट आली, लेकीच्या जागी नवी नटी.

ही निरोप घ्यायला सेटवर गेली, तेव्हा शॉट लागला होता. मोठी झालेली लेक आईहून उंच दिसायला हवी होती, पण नटी निघाली बुटकी. तिला खोक्यावर चढवलं, तरी भागेना.

“गुडघे!” दिग्दर्शक ओरडला.

कोपऱ्यात हिचे गुडघे आपसूक वाकले.

“तू नको गं, तू ताठ उभी राहा,” आई हसत खाली वाकली. “आता माझी पाळी.”