काचेबाहेरची म्हातारी

"मी एक छोटासा थेंब," ईशानीने वाचायला सुरुवात केली. "सूर्याने मला हाक मारली. मी वाफ होऊन ढगात गेले, पाऊस होऊन डोंगरावर पडले आणि नदीतून नाचत नाचत घरी आले, समुद्रात."

लिहिलं होतं इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतेय. मी तिच्या घराच्या खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटून ऐकत होते. छोटासा म्हणे. ही पृथ्वी निवत होती तेव्हापासूनची मी, आणि कोणाच्या हाकेला ओ देऊन कुठे गेलेली नाही.

विज्ञानाच्या मिसने कागदावर लाल पेनाने एकच ओळ लिहून तो परत पाठवला होता: हा थेंब तू कुठे पाहिलास? वर्गात सगळ्यांच्याच थेंबांना नदी सापडली होती. आज नवी गोष्ट दिली नाही तर मिस घेणार नव्हत्या, आणि शाळेची बस खाली यायच्या बेतात होती.

"नदीच्या जागी धबधबा घाल," सुचित्रा डबा भरताना म्हणाली.

"मम्मा, दॅट्स सेम थिंग."

"मग खरी नदी आठव. पुण्याला दाखवली होती ना?"

"आय वॉज थ्री."

"यल्ला, ईशू, चल लवकर," तिचा बाबा सदानंद बूट घालत म्हणाला. "मी आत्ता निघालो नाही तर दुबईचा रस्ता तुंबून खलास. काहीतरी लिही, दे आणि मोकळी हो."

काहीतरी. शारजात जन्मलेली पोर, तिला नदीत नाचायला लावतात. या घरात नळाला येते ती मीच, समुद्रातून. मला पंपाने ओढतात, एवढ्या जोराने बारीक छिद्रांच्या पडद्यांतून दाबतात की मी आरपार जाते आणि मीठ अलीकडेच राहतं. त्यात कुठला आलाय नाच? मागे असंच नळातून येऊन मी या सदानंदच्या शर्टात शिरले आणि बाल्कनीच्या दोरीवरून हवेत उडून गेले. त्याला पत्ता नाही.

या खेपेला मी थेट समुद्रावरून उठले. उठायला ऊब लागते, ती पाण्यातूनच घेतली. मीठ खाली सोडलं. मग हवेत होते, कोणाला न दिसता. वाफ दिसत नाही, हे या घरात एकालाही ठाऊक नाही. केटलीच्या तोंडाशी जो पांढरा धूर दिसतो, त्याला वाफ म्हणतात. ते बारीक थेंब असतात. ढगही तसाच, धुळीच्या नाहीतर मिठाच्या कणाभोवती जमलेले थेंब. सप्टेंबरात इथे ढग कुठला? जड, चिकट हवा तेवढी. पहाटे या काचेला टेकले. आतल्या एसीने ती इतकी गार केली होती की हवेत राहणं जमेना. घेतलेली ऊब काचेला परत केली आणि पाणी झाले.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन आलं होतं. ते या काचेवर पोचलं की मी निघणार. आणि पोरगी माझ्यापासून वीतभर अंतरावर बसून पेन चावत होती.

"काच बघ कशी धुरकटली," सुचित्रा म्हणाली. "पूस, म्हणजे उजेड येईल."

ईशानीने फडका फिरवला. पुन्हा जोरात फिरवला. मी जागची हलले नाही.

"मम्मा, जात नाहीये." तिने बोट टेकवलं, बरोबर माझ्या पाठीमागे. बोट कोरडंच. "इट्स आउटसाइड."

"असेल. एसी गळत असेल वरच्यांचा."

वरच्यांचा. मी कपाळावर हात मारला असता, पण हातही नाही आणि कपाळही.

ईशानीने मात्र गाल काचेला लावला. "कोल्ड आहे. बाहेर हॉट. मग हे पाणी हवेतून आलं? ढग नाही, पाऊस नाही, तरी?"

सुचित्राने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं. "पुण्यात थंडीत काच आतून धुरकटायची," ती सावकाश म्हणाली. "इथे उलटं."

ईशानीने जुना कागद उलटा केला आणि उभ्यानेच भराभर लिहू लागली. मला तिची पहिली ओळ काचेतून दिसली: मी नदी पाहिलेली नाही, मी एसीमुळे सापडले. तेवढ्यात ऊन माझ्यावर आलं. मी कडेने आटायला लागले. दुसरी ओळ वाचायची राहिली.

खाली हॉर्न वाजला. ईशानीने कागद दप्तरात घातला आणि दारातून वळून काचेकडे पाहिलं. माझ्या जागी धुळीचा एक बारीक गोल उरला होता.

"डाग पडला बघ," सुचित्रा फडका घेऊन म्हणाली. "आता बाल्कनीतून हात घालून पुसावा लागणार."

"पुसू नको, मम्मा. दॅट्स हर."

ती धूळ होती, मी नव्हे. मी त्या डागाच्या बोटभर पुढेच हवेत होते, न दिसता. पण आता हिला हे कोण सांगणार?