टिल्ली, कागदपत्रांप्रमाणे

"नाही हो. या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. कधी नव्हतंच."

काकांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता, कारण दोन्ही हातांत कवळी होती. वरची. मेणात दात बसवणं चाललं होतं, आणि मेण गार होईपर्यंत हात सोडता येत नाही.

समोरच्या टेबलावर टिल्ली खालची कवळी घासत होती. यंत्राच्या घरघरीत तिला काहीच ऐकू आलं नाही.

"पत्र? मी दिलंय? छे छे. माझ्यासारखी सही दिसते म्हणजे काय? अहो, सह्या काय, कोणीही ठोकतं. सरळ पोलिसांत द्या त्या बयेला."

टिल्लीने यंत्र बंद केलं आणि कवळी पाण्यात बुचकळली. "कोणाला पोलिसांत देताय, काका?"

"आहे एक भामटी. दातांच्या मोठ्या रुग्णालयातून फोन आलाय. तिने तिथे अर्ज केलाय म्हणे, की मी इतकी वर्षं यांच्याकडे कवळ्या केल्या. माझ्याकडे! लोकांची कमाल असते." आणि त्यांनी भामटीचं नाव सांगितलं.

टिल्ली उभी राहिली. उभी राहिली की ती काकांपेक्षा वीतभर उंच होती.

*

पूर्ण नाव (कागदपत्रांप्रमाणे):

अर्ज भरताना टिल्लीला इथे प्रश्नच पडला नव्हता. डिप्लोमावर तेच, बँकेत तेच. पगार त्याच नावावर जमा होणार.

कामाच्या ठिकाणी वापरायचं नाव (वेगळं असल्यास):

हे ओळखपत्रावर छापतात. तयार कामाच्या डब्यावर, करणाऱ्याचं म्हणून, हेच चिकटवतात. तिने 'टिल्ली' लिहिलं. पुसलं. मग परत लिहिलं. मागच्या महिन्यात एक नवा डॉक्टर, मिसरूडही नीट न फुटलेला, दारात उभा राहून म्हणाला होता, "टिल्ली, तुमच्याकडे कवळ्या कोण करतं? बोलाव ना त्यांना." तिने पुसलं. रकाना रिकामाच राहिला.

पूर्वीच्या ठिकाणचे ओळख देणारे:

काका. अनुभवाचं पत्र तिनेच टाइप केलं होतं. काकांनी चष्मा न शोधताच सही केली. "तुझंच ना? मग त्यात वाचायचं काय!"

*

"काका, ती भामटी मी आहे."

काकांच्या हातातला एक दात मेणात तिरका गेला.

"तू? म्हणजे तुला... टिल्ली नाव आहे की तुला!"

"ते घरातलं."

"अगं, मग मला कोण सांगणार?"

तिने त्यांच्या खांद्यावरचा फोन काढला, स्पीकर लावला आणि मेणाच्या ताटलीला टेकून उभा केला.

"बाई, ठेवू नका हं!" काका फोनवर वाकून ओरडले. "ती आहे. इथेच आहे. मी म्हातारा, घोटाळा झाला."

"अहो, आत्ता तुम्ही पोलिसांत द्या म्हणालात," फोनवरची बाई म्हणाली. "मी लिहूनसुद्धा घेतलं, ओळख पटली नाही म्हणून. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत नाही?"

टिल्लीने ओला हात पदराला पुसला आणि पदर तसाच मुठीत धरून ठेवला.

"नाही माहीत," काका म्हणाले. "लाज वाटते, पण नाही. काम विचारा. मी केलेली कवळी लोक जेवताना काढून ठेवायचे. हिने केलेली घालून झोपतात. डॉक्टर ओरडतात, तरी झोपतात."

पलीकडून हसू आलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बरं, असं करा. दुसरं पत्र द्या. तुमच्याकडे कोणत्या नावाने ओळखतात आणि कागदोपत्री नाव काय, दोन्ही लिहा, आणि ती व्यक्ती एकच आहे असंही. सही नीट वाचून करा. ते आलं की मी माझा शेरा बदलते."

"आज पाठवतो. आत्ता."

"आणि ताई, तुम्ही ऐकताय ना? तुमचा एक रकाना रिकामा आहे. टिल्ली लिहू का तिथे? गोड आहे. सगळ्यांना सोपं जाईल."

काका जोरजोरात मान हलवत होते. हो, हो, लिहा.

टिल्लीने त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"नको. कागदपत्रांप्रमाणे."

फोन बंद झाला. काकांनी तिरका दात उपटला, चिमट्याने मेण खरवडलं. बराच वेळ खरवडत राहिले.

"टिल्लीत काय वाईट होतं? बापाच्या खांद्यावर बसून आली होतीस इथे. मीच ठेवलं."

"काहीच वाईट नाही. तुम्ही म्हणाच."

"मग?"

"तिथे कोणी मला खांद्यावर पाहिलेलं नाही, काका."

काकांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "परत सांग बघू ते नाव."

"तुम्हाला काय करायचंय?"

"उद्या तिचा परत फोन आला तर?"

तिने सांगितलं. काकांनी एकदा म्हणून पाहिलं, मध्येच अडखळले. टिल्ली हसली, यंत्र सुरू करून आपल्या कामाला लागली.

काकांनी वरची कवळी बिजागरीच्या सांगाड्यावर चढवली, खाली दुसरी बसवली, आणि दात दातांवर नीट बसतात का ते बघायला जबडा उघडू-मिटू लागले. उघड, मिट. उघड, मिट. त्यांचे ओठ हलत होते, की त्या कवळीचे, लांबून कळत नव्हतं. एकदा अर्ध्यावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून. मग नाव सबंध आलं, मोठ्याने, यंत्राच्या घरघरीवरून.

टिल्लीने मान वर केली.

"ओ," ती म्हणाली.