पाटीवर काय लिहायचं?

“नुपूर? ताई, तीन ‘नुपूर’ आहेत एकट्या पिंपळे सौदागरात,” धाकटा भाऊ धम्मरत्न मोबाईलवर शोधत म्हणाला. “एक तर चपलांचं दुकान आहे!”

श्रद्धानं कागदावरचं सतरावं नाव खोडलं. शॉप अ‍ॅक्टचा अर्ज नावाशिवाय अडला होता, पाटीवाला रोज फोन करत होता आणि उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं. आठ वर्षं तिनं सोसायट्यांच्या हॉलमध्ये कथक शिकवलं. भजनी मंडळ आलं की सतरंज्या गुंडाळून निघायचं. आता स्वतःचा हॉल झाला होता. वडील पिंपरीतल्या कारखान्यात तीस वर्षं खपले, पण घरातल्या कुणाची स्वतःची पाटी कधी कुठं लागली नव्हती. म्हणून ही पाटी म्हणजे तिच्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

पण नाव काही केल्या सापडेना. ‘साधना कथक गुरुकुल’ म्हटलं की विशारदच्या मुली खूश व्हायच्या आणि वाकडहून चौकशीला आलेली आयटीवाली बाई घाबरून विचारायची, “रोज यावं लागेल का?” ‘छुनछुन’ म्हटलं की छोट्यांच्या आया टाळ्या वाजवायच्या आणि मैत्री, तिची सगळ्यात जुनी शिष्या, नाक मुरडायची.

“ताई, स्टेजवर असं पुकारणार? छुनछुनची मैत्री कांबळे? मी नाही जाणार बाई!”

खरं होतं तिचं. नाव परीक्षेच्या फॉर्मवर शोभलं पाहिजे आणि वॉचमनला फोनवर एकदा सांगितलं की कळलंही पाहिजे. ‘आमद’ श्रद्धाला फार आवडलं होतं. मैफलीतला नर्तकाचा प्रवेश म्हणजे आमद. पण खालचा वॉचमन म्हणाला, “आमदसाहेब कोण? मालक का?” झालं, तेही गेलं.

शेवटी तिनं दारात खोका ठेवला. नाव सुचवा, आवडलं तर वर्षभराचा प्रवेश मोफत. खोक्यात ‘डान्स धमाका’पासून ‘नृत्यब्रह्म’पर्यंत सगळं आलं. वाचता वाचता श्रद्धाच्या डोक्याला ताप झाला.

पाचव्या दिवशी नऊ वर्षांच्या पूनमनं एक चिठ्ठी हातात दिली. “अण्णांनी दिलीय.”

अण्णा म्हणजे ज्योतीराम. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर ऑपरेटर. पहिली शिफ्ट उरकून तो पूनमला स्कूटरवर घेऊन यायचा आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचा. बाकीचे बाप मोबाईलमध्ये डोकं घालायचे, हा डोळे मिटून ऐकायचा. मध्ये पूनमला ताप आला, तर हा बाबा एकटाच येऊन बसला.

“काय शिकवलं ते पोरीला सांगाया पाहिजे ना,” म्हणाला.

कधी दबकत विचारायचा, “मॅडम, दुगुणीत पाय दुप्पट पडतात, पण टाळी तीच ऱ्हाती ना?” श्रद्धाला त्या बापाचं भारी कौतुक होतं. असा एक तरी पालक सगळ्यांना मिळावा, असं ती मैत्रीला म्हणायची.

तिनं चिठ्ठी उघडली. निळ्या पेनानं, ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘तत्कार. नवी पोरं पहिल्या दिवशी हेच करतात. मैत्रीताई इतक्या वर्षांनी पण रोज आधी हेच करतात.’

श्रद्धानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. अगं बाई! तत्कार म्हणजे पायांचं काम, कथकचा श्रीगणेशा. नवशिका संथ ठाय लयीत धडपडतो, मुरलेला चौपट वेगाच्या चौगुणीत घाम गाळतो, पण बोल तेच. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तिनं हातावर तीनताल धरून नाव म्हणून पाहिलं. समेवर चोख बसलं. मैत्री म्हणाली, “हे पुकारलं तर मी छाती पुढं काढून जाईन.” वॉचमनला सांगितलं, त्यानं एका फटक्यात बरोबर म्हटलं. धम्मरत्ननं शोधलं, नोंदलेल्या नावांत कुणाचंच नव्हतं. खाली मोठ्या अक्षरात ‘कथक नृत्य अकादमी’ टाकायचं ठरलं, म्हणजे नव्यांनाही बाहेरूनच कळेल.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. पाटीवरचा पडदा सरकला तेव्हा श्रद्धाच्या वडिलांनी नाव दोनदा मोठ्यानं वाचलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. तिनं माईक हातात घेतला.

“हे नाव आमच्या कुठल्या विशारदानं दिलेलं नाही. वर्षभर बाहेरच्या बाकावर बसून एका बापानं ते ऐकलं. या ज्योतीरामभाऊ, पुढं या!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पण पाय उचलेना. मैत्रीनं त्याला हाताला धरून आणलं. श्रद्धानं प्रवेशाचा फॉर्म आणि पेन घेतलं.

“भाऊ, तुमचा अभिमान वाटतो आम्हाला. चला, पूनमचं पूर्ण नाव सांगा, वर्षाचा प्रवेश तिच्या नावावर लिहिते.”

त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं मागच्या रांगेत पूनमच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या नवरा-बायकोकडं बोट केलं. “तिचे आईबाप ते हायेत, मॅडम. आमच्या शेजारच्या खोलीत ऱ्हातात, दोघांच्याबी शिफ्टा, म्हणून मी आणतो तिला. एकट्यानं आत यायची छाती होत नव्हती. लिहा मॅडम... ज्योतीराम गणपत सूर्यवंशी, वय त्रेचाळीस.”