एक फुकट शिवी

चमचा कपाच्या कडेला खणकन वाजला आणि स्वयंपाकघरातली शांतता तडकली.

“थँक्यू,” दादा म्हणाला. “साखर पुरे.”

तीस वर्षांत दादाने तिला, सख्ख्या धाकट्या बहिणीला, थँक्यू म्हटलं नव्हतं. या सात महिन्यांत मात्र तो दर वेळी म्हणत होता. वर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होता, शेजाऱ्याच्या बायकोला मारावी तशी.

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला त्यांची मावसबहीण बसली होती. तिनेच आज दादाला ओढून आणलं होतं. लहानपणापासून तिचं नाव भोंगा, कारण तिला हळू बोलता येत नाही. खाली फरशीवर धाकटीची सहा वर्षांची लेक बाहुल्या ओळीने मांडून त्यांना काहीबाही दटावत होती. एकुलती एक. तिच्या वेळी झालेलं बाळंतपण असं होतं, की पुढे दुसऱ्याचा विचार करू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

शिव्यांची सुरुवात आईच्या धाकातून झाली होती. तोंडातून शिवी निघाली, की आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची. मग सुट्टीत एकत्र जमलेल्या तिघांनी घरातल्याच वस्तू आणि किडे कामाला लावले. दादा झाला कुबट मोजा. ती झाली चिकट झुरळ, कारण दोघं मोठी जिथे जात तिथे ती मागे लागायची. पहिल्यांदा हे नाव पडलं तेव्हा दादाने तिला माळ्याच्या दाराबाहेर ठेवून कडी लावली होती आणि ती दाराशी बसून उचक्या लागेपर्यंत रडली होती. दहाव्या वर्षी ते नाव ऐकून तिचं डोकं फिरायचं. पंधराव्या वर्षी दादाच्या वाढदिवसाच्या चिठ्ठीखाली तिने आपणहून सही केली, ‘चि. झुरळ’. आणि बाळंतपणात ती तीन दिवस शुद्धीवर नव्हती; चौथ्या दिवशी डोळे उघडल्यावर फोनवर दादाचा एकच निरोप होता: ‘मला माहीत होतं. झुरळं मरत नाहीत.’

नियम कुणी लिहिले नव्हते, पण होते. खरा राग आला की शिवी द्यायची नाही, सभ्य बोलायचं. लग्नाने जोडून आलेल्या माणसाने शिवी वापरायची नाही. वहिनीने एकदा लाडाने ‘कुबट मोजा’ म्हणून पाहिलं होतं. सगळे हसले, पण जरा उशिरा. तिने पुन्हा म्हटलं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे शिवी उंबऱ्याबाहेर न्यायची नाही.

तोच सात महिन्यांपूर्वी झुरळाने मोडला. दादा बसदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन झाला, त्या दिवशी तो मोबाईल उचलेना. आनंदाच्या भरात तिने वर्कशॉपच्या फोनवर फोन केला. “कुबट मोजा आहे का हो? त्याला सांगा, खुर्ची बदलली तरी वास जात नाही!” फोन उचलणाऱ्याने तो स्पीकरवर टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दादाच्या खुर्चीला मोजा लटकलेला. आठवड्याभरात गाड्यांच्या आडून हाका यायला लागल्या. तो ब्रेक पुन्हा तपासायला सांगायचा आणि माणसं नाक दाबून खिदळायची. शब्द तेच, पण त्यांच्यामागे ना माळा होता, ना सुट्ट्या. दादाने शेवटी दुसऱ्या डेपोत बदली मागून घेतली.

“दादा, माझं चुकलं,” ती म्हणाली.

“असू दे. काही नाही त्यात.” तो उठला. “चहा छान होता.”

“आई गं,” भोंगा पुटपुटली. “चहा छान होता म्हणे!”

त्याने चपलेत पाय घातले. तो असाच गेला तर यापुढे सणासुदीलाच येईल, बसेल, कपातला चहा संपवेल, आणि हे असंच कायमचं छान राहील, हे धाकटीला लख्ख दिसलं. माफी उपयोगाची नव्हती. या घरात माफी कधी कुणी मागितलीच नव्हती. लहानपणी ज्याचं चुकेल तो समोर जाऊन उभा राहायचा, आणि दुसऱ्याला एक फुकट शिवी द्यायला मिळायची. उभ्या राहिलेल्याने उलट उत्तर द्यायचं नाही, रडायचं नाही, हलायचंही नाही.

ती दाराशी गेली. हात मागे बांधून उभी राहिली.

“एक फुकट घे.”

दादा थांबला. “लहान आहोत का आता?”

“घे म्हणते ना.”

“अरे घे की मेल्या!” भोंगा अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली. “मी सात महिने तुमच्या दोघांची हमाली करतेय!”

दादा दाराशी उभ्या धाकटीकडे बघत राहिला. त्याचा जबडा हलला. काहीतरी नवं, जहरी शोधत असावा. सात महिन्यांचं साठलेलं होतं. तिने डोळे मिटले नाहीत.

“चिकट झुरळ,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “सरक. चप्पल काढू दे.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे पदराला पुसू लागली. भोंगा टेबल बडवत होती. दादा पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने कपात उरलेल्या चहात आणखी दोन चमचे साखर घातली.

लेक बाहुल्या सोडून उठली होती. तिने मामाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मग आईचा हात ओढला.

“आई, मला झुरळ कोण म्हणणार?”