दोन वाजताची कूस

हवेच्या गादीचं खोकं मास्तरांनी दारात टेकवलं, तेव्हा वहिनी चादरींच्या घड्या घालत होत्या. "या," एवढंच म्हणाल्या. एरवी उंबऱ्यावरच "भाऊजी, चहा ठेवू ना?" असं व्हायचं. आज नुसती घडीवर घडी.

शाळेत मास्तर रोज दोन-चार भांडणं मिटवायचे. सॉरी म्हणा, हात मिळवा, बसा जागेवर. दोन मिनिटांत खेळ खलास. इथे मात्र आठ दिवस फोन हातात घ्यायचा धीर होत नव्हता.

मागच्या रविवारी ते दीड महिन्याने आईला भेटायला आले होते. आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. तिच्या कमरेखाली जखम दिसली आणि मास्तरांचा तोल सुटला. "स्वतःची आई असती तर अशी सडू दिली असती का?" आईच्या उशाशी उभे राहून ते वहिनींना बोलले आणि पाय आपटत निघून गेले.

"वहिनी, त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी."

"असेल तर?"

मास्तर ओशाळले. "म्हणजे चुकलंच माझं. पण ती जखम बघून... आणि तुम्हाला तीन दिवस ताप होता, दादा बाहेरगावी होता, हे मला काल कळलं. आधी माहीत असतं तर..."

"तर बोलला नसतात." वहिनींनी चादर खाली ठेवली. "आणि ताप नसता, तर ते बोलणं बरोबर होतं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढवायलाही ताकद लागते. मास्तरांनी त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पहिल्यांदाच नीट पाहिली आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. वहिनींनी पटकन "जाऊ द्या" म्हणावं आणि आपण हलक्या मनाने घरी जावं, एवढ्यासाठीच तर ते आले होते.

"मी गिळलंही असतं," वहिनी म्हणाल्या. "पण आई ऐकत होत्या. त्यांची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. त्या दिवसापासून मी हात लावला की अंग आखडून घेतात. तुमचं खरं वाटलंय का त्यांना? मी कुणाला विचारू?"

तेवढ्यात त्यांच्या फोनचा गजर वाजला. दोन वाजले होते. दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागे. वहिनी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. मास्तर त्यांच्या आधी आत गेले आणि मागच्या रविवारी उभे होते तिथेच, उशाशी, उभे राहिले.

"आई, वहिनींनी तुला सडू दिलं असं मी इथे म्हणालो. ते खोटं होतं. दीड महिना मीच फिरकलो नव्हतो. जखम बघून माझी मला लाज वाटली, ती मी यांच्या अंगावर ढकलली." मग ते वळले. "वहिनी, फार लागेल असं बोललो मी. आणि ते आईसमोर बोललो. माझं चुकलं."

'माफ करा' अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी आवरलं. तेही एक मागणंच झालं असतं, आणि या बाईकडे मागणारे आधीच पुष्कळ होते.

आई छताकडे बघत होती.

"मला शिकवा," मास्तर म्हणाले.

"ओढायचं नाही, कातडी घासते. पलीकडचा गुडघा दुमडा. आता खांदा आणि कंबर धरून सावकाश आपल्याकडे वळवा. एवढं नको, तिरपंच. पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये एक. पोटऱ्यांखाली चादरीची घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात."

मास्तरांना दरदरून घाम फुटला.

"गादी आणलीत, बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "पण हे कूस बदलणं सुटत नाही."

"आजपासून रविवार माझा. सकाळी आठ ते रात्री आठ."

"बघू." असं म्हणणारे त्यांनी बरेच पाहिले होते. त्यांनी फोन मास्तरांच्या हातात दिला. "चारला वाजेल." मग त्या पलीकडच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

चारला गजर वाजला. सहाला वाजला. दार उघडलं नाही.

साडेसहाला वहिनी बाहेर आल्या. गालावर उशीचा वळ उमटला होता. मास्तरांकडे न बघता त्या वाकल्या आणि एक हात आईच्या पाठीवर ठेवला. आईचं अंग आखडलं नाही. वहिनी तशाच वाकून राहिल्या, बराच वेळ. मग दुसरा हात आईच्या पायांखालून फिरवला.

"डावी टाच टेकतेय अजून, भाऊजी."