गाळलेला प्रसंग

शुभदाचं भाषण ऐन रंगात आलं होतं आणि मागच्या रांगेत ऊर्मीने कानावरचे हेडफोन काढले.

काढायला नको होते. नवऱ्याची, मिलिंदची हॉस्पिटलात ड्यूटी, सांभाळणारीने ऐनवेळी नाही म्हटलेलं, म्हणून आठ वर्षांची लेक आईचं बोट धरून कॅनडातल्या हॅमिल्टनच्या कॉलेजात वादविवादाच्या अंतिम फेरीला आली होती. टॅबवर कार्टून लावून दिलं की पोर जागची हलत नाही, असा शुभदाचा हिशोब होता. त्या हिशोबावरच तिने भाषण होतं तसंच ठेवलं होतं.

शाळांमध्ये नीतिशिक्षण हा नियमित आणि सक्तीचा विषय असावा, हा ठराव. शुभदा ठराव मांडणारी पहिली वक्ती. म्हणजे व्याख्या तिने द्यायची, योजना तिने सांगायची, आणि सिद्ध करून दाखवायचं ओझंही तिच्याच डोक्यावर. व्याख्या झाली होती: नीती म्हणजे कुठल्या एका धर्माची शिकवण नव्हे; कठीण निवड पुढ्यात आली की विचार कसा करायचा, ती सवय. योजनाही मांडून झाली होती. पहिलीपासून आठवड्याला एक तास, वेळापत्रकात पक्का. शिकवणाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण. मुलांपुढे प्रसंग ठेवायचा, उत्तर नाही. हजेरी सक्तीची, मार्क मात्र नाहीत.

"हे तर सगळेच शिक्षक येता-जाता शिकवतात, असं समोरची बाजू म्हणेल," ती म्हणाली होती. "मुलं घरीही पळतातच. तरी जिमचा तास ठेवतो ना आपण? जे सगळ्यांचं काम, ते कोणाचंच नसतं."

परीक्षक हसले होते आणि भराभर लिहू लागले होते. आता उरला होता पुरावा. आणि पुरावा मागच्या रांगेत बसून टक लावून तिच्याकडे बघत होता.

गेल्या महिन्यात अंघोळ घालताना ऊर्मी हुंदके देत म्हणाली होती, की वर्गातल्या गोगलगायींच्या काचपेटीचं झाकण तिने उघडं टाकलं. गोगलगायी गेल्या त्या गेल्याच. आळ आला वर्गातल्या मेसनवर. सगळ्या वर्गापुढे सॉरी म्हणायची वेळ त्याच्यावर आली. "डोन्ट टेल एनीवन, आई. बाबाला पण नाही." शुभदाने साबणाच्या हाताने तिला वचन दिलं होतं.

आणि मग तेच भाषणात घातलं. नाव कुठे घेतलंय, 'एक मुलगी' म्हटलंय, अशी स्वतःची समजूत घालून. त्या मुलीला खरं बोलायला शाळेत एकही जागा नव्हती, असा त्याचा शेवट केला होता. वादविवादातला जोडीदार गुरुदत्त तर बेहद्द खूश. "शुभदाताई, हा तुमचा हुकमाचा एक्का. इथे परीक्षकाने डोळे पुसलेच पाहिजेत."

शुभदाने श्वास घेतला. तेवढ्यात समोरच्या बाजूचा देवेश हात पुढे करून उभा राहिला. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर मध्ये कधीही प्रश्न विचारता येतो. घ्यायचा की नाही, हे बोलणाऱ्याने ठरवायचं. वेळ मिळेल म्हणून तिने घेतला.

"सक्ती करून मूल वर्गात बसवता येईल," देवेश म्हणाला. "पण खरं बोलायला कसं लावणार? हा तास नसल्यामुळे अडलेलं एक तरी मूल दाखवा."

गुरुदत्तने बाकाखाली मूठ आवळली. आता!

ऊर्मीने टॅब छातीशी धरला होता.

"एक मूल मला माहीत आहे," शुभदा म्हणाली. "पण ती गोष्ट सांगायचा हक्क माझा नाही."

"हाऊ कन्व्हीनियंट!" देवेश पुटपुटला. सभागृहात खसखस पिकली. शुभदाने क्वेबेकचं उदाहरण दिलं, तिथल्या शाळांत असा विषय कित्येक वर्षं सक्तीचा आहे म्हणून सांगितलं. पण आवाज पडला होता. ती खाली बसली तेव्हा टाळ्या पडल्या त्या उपचाराच्या.

शुभदा आणि गुरुदत्त हरले. परीक्षक म्हणाले, योजना चोख होती. पण त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

"एक्का हातात धरून डाव घालवलात, ताई!" गुरुदत्तने कपाळाला हात लावला.

"हो रे बाबा. पुढच्या वेळी समोसे माझ्याकडून." ती हसली. वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरून कोणीतरी धोंडा उचलून नेल्यासारखं हलकं वाटत होतं.

बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता. तो खरवडून ती आत आली, तर मागून प्रश्न आला.

"आई, माय स्नेल्सचं सांगणार होतीस ना?"

शुभदाचा हात किल्लीवरच थांबला. "हो गं. सांगणार होते. चुकलं माझं."

"इट्स ओके. यू कुड हॅव. मी ऑलरेडी सांगितलं."

"कोणाला?"

"एव्हरीबडी. मेसनला पण. ही सेड इट्स फाइन." ऊर्मी बेल्टशी झटत होती. मग तिने सांगितलं, की नव्या मिस दर शुक्रवारी सगळ्यांना गोल करून बसवतात आणि कोणाला काही सांगायचं आहे का विचारतात.

शुभदा पूर्ण मागे वळली. "मिसनी सांगायला लावलं तुला?"

"नो! सगळ्यांना बसावं लागतं फक्त. वॉशरूमला पण जाता येत नाही. पण गप्प बसलं तरी चालतं. मी दोनदा गप्प बसले." बेल्ट एकदाचा लागला. "मग तिसऱ्यांदा गप्प बसवेना मला."