राहिलेलं उत्तर

सुताराने 'हाय' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. सागाची गाठ सहज उतरवणारा त्याचा हात दोन अक्षरांपाशी अडून बसला होता.

"बाबा, नुसतं हाय टाकून गप्प बसू नका," पलीकडे स्टुलाला वार्निश लावता लावता मुलगी म्हणाली. "समोरच्याला वाटतं, याचं काहीतरी काम निघालं. आठवण कशावरून आली तेही लगेच सांगा. आणि पोलिसासारख्या चौकशा नकोत. काका जे लिहितील, त्यातलंच काहीतरी धरून पुढे बोला."

फोन नवा होता. जुन्या गप्पा त्यात आल्याच नव्हत्या. लंबूच्या, त्याच्या जुन्या जोडीदाराच्या, नावाखाली सगळं कोरं करकरीत. ते बघून सुताराला धीर आला. देवानेच पाटी पुसून दिली म्हणायची!

त्याने पाठवलं, "हाय लंबू." पाठोपाठ जुन्या रंध्याचा फोटो. "फळीमागे सापडला. मुठीवर तुझे दात अजून आहेत."

खुणा निळ्या झाल्या. 'टाइप करत आहे' उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं.

"माझे दात इतके वाकडे नाहीत. तुझेच असतील."

सुतार खो खो हसला. "पैज हरून मूठ कोणी चावली होती रे? रंधा अजून डाव्या हातानेच चालवतोस?"

"खांदा धरतो आता. दारं-खिडक्या सोडल्या. चाकांची बदकं करतो. ओढली की मान हलते."

"एखादं दाखव की!"

"बघा, कसं छान जमलं," मुलगी म्हणाली.

बदक आलं नाही. आली एक चौकट. तिच्यात लंबूचाच कधीचा निरोप होता: "आई गेली. तू ये, मग नेऊ." चौकटीखाली आजची ओळ: "याचं उत्तर तेवढं राहिलंय. माझ्याकडे यावर निळ्या खुणा आहेत."

सुताराने चौकटीवर बोट दाबलं. ती कुठेच उघडली नाही; मूळ निरोप या नव्या फोनमध्ये नव्हताच.

"दुकानाचं काम अंगावर होतं," त्याने लिहिलं आणि पुसलं. "गाडी मिळाली नाही." तेही पुसलं. पलीकडे लंबूला नुसतं 'टाइप करत आहे' दिसत असेल. उमटतंय, विझतंय.

"काय म्हणतायत काका?"

त्याने फोन छातीशी धरला. त्या माउलीने दोघांना एका ताटात जेवू घातलं होतं.

शेवटी त्याने लिहिलं, "वाचलं होतं. आलो नाही."

"दुपारपर्यंत थांबलो होतो," लंबूने लिहिलं.

सुतार भुशात बोट फिरवत राहिला.

मग फोटो आला. लाकडाचं बदक, मान खाली घातलेलं. त्याखाली लिहिलं होतं, "याची मान अडकलीय. तू ये, मग बसवू."

निरोप वाचल्याच्या खुणा लंबूकडे निळ्या झाल्याच असतील. सुताराने रंधा पिशवीत घातला आणि तो चपला शोधू लागला.